टाक्याच्या टाइल्स आणि टाक्यातलं पाणी: १०० चे १०,००० कुठून येतात, आणि घनमीटरचे १,००० लिटर का

प्रश्न: नागपूरला बेसा भागात घराचं काम सुरू आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याला आतून टाइल्स लावायच्या आहेत. आतली मापं टेपनं घेतली: २.४ मीटर × १.८ मीटर, खोली १.५ मीटर. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणून तळ ४.३२ चौ. मी. = ४३२ चौ. सेंमी. धरला, तर २० × ३० सेंमीची एक टाइलसुद्धा बसत नाही. पाणी ६.४८ घनमीटर = ६४८ घन सेंमी, म्हणजे एक लिटरही नाही. मिस्त्री म्हणतात, "आठ बाय सहा बाय पाचचं टाकं आहे, ६,८०० लिटर पाणी बसते." कोणाचं बरोबर? आणि १०० चे १०,००० का होतात?

उत्तर:

टेपची मापं बरोबर आहेत, गुणाकारही बरोबर आहे. चूक फक्त शेवटच्या पायरीत आहे. तळ ४३,२०० चौ. सेंमी. आहे आणि टाइल्स लावण्याआधी टाक्यात काठोकाठ ६,४८० लिटर पाणी मावतं. मिस्त्रींचा आकडा तुमच्यापेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ आहे, पण तोही सुमारे ३०० लिटरनं जास्त आहे. त्यांची चूक वेगळ्या ठिकाणची असली तरी दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. म्हणून दोन्ही एकत्रच उलगडतो.

१०० हा आकडा लांबीचा आहे. टेपवरचा १ मीटर १०० सेंटीमीटरमध्ये मोडतो, एवढंच तो सांगतो. क्षेत्रफळात मात्र लांबी एकदा येत नाही, दोनदा येते. तुम्ही २.४ मीटरला १.८ मीटरनं गुणलंत, म्हणजे एकक बदलायचं तर दोन्ही मापांचं बदलायला हवं. आकडे आधी गुणून शेवटी एकदाच १०० नं गुणलं, तर एक बाजू सेंटीमीटरमध्ये गेली आणि दुसरी मीटरमध्येच राहिली. ४३२ हा तुमचा आकडा तसा अगदीच निरर्थक नाही. तो "सेंटीमीटर गुणिले मीटर" या एककात आहे, म्हणजे १ सेंमी रुंद आणि १ मीटर लांब अशा ४३२ पट्ट्या. त्या प्रत्येक पट्टीत १ सेंमीचे १०० चौरस बसतात. ते मोजायचे राहिले, म्हणून उत्तर शंभर पटीनं लहान आलं.

मांडणी अशी करा, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही:

२.४ मी. × १.८ मी.
= (२.४ × १०० सेंमी) × (१.८ × १०० सेंमी)
= २४० सेंमी × १८० सेंमी
= ४३,२०० चौ. सेंमी.

मधल्या ओळीत १०० दोनदा लिहिलेला दिसतो. १०० चा वर्ग तो हाच. "चौरस मीटरला दहा हजारानं गुणा" हे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक लांबीच्या जागी तिचं नवं माप ठेवा. पाठांतर महिन्याभरानं डळमळतं आणि मग गुणायचं की भागायचं, शंभरानं की हजारानं, असा घोळ सुरू होतो. लांबी बदलण्यात घोळ होत नाही, कारण ती टेपवर समोर दिसते.

अशी शंका येऊ शकते की हे आयताचं झालं, गोल किंवा तिरक्या आकाराचं काय? तिथंही वर्गच लागतो. वर्तुळाच्या सूत्रात त्रिज्या स्वतःशीच गुणलेली असते आणि त्रिकोणाच्या सूत्रात पाया उंचीनं गुणलेला असतो. क्षेत्रफळाचं कुठलंही सूत्र घ्या, त्यात दोन लांब्यांचा गुणाकार सापडतोच. ०.५ मीटर त्रिज्येच्या गोल झाकणाचं क्षेत्रफळ ०.७८५४ चौ. मी. येतं. त्रिज्या ५० सेंमी धरून काढलं तर ७,८५४ चौ. सेंमी. आकार गोल असला तरी गुणक १०,००० च.

इथं आणखी एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात माल घेताना तो नडतो. अर्धा चौरस मीटर म्हणजे अर्धा मीटर बाजूचा चौरस नाही. अर्धा चौरस मीटर म्हणजे ५,००० चौ. सेंमी. ज्याची बाजू ५० सेंमी आहे तो चौरस २,५०० चौ. सेंमीचा, म्हणजे पाव चौरस मीटर. बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ निम्म्याचं निम्मं होतं.

आता टाइल्स. एक टाइल २० × ३० = ६०० चौ. सेंमी. तळासाठी ४३,२०० ÷ ६०० = ७२ टाइल्स. नुसत्या भागाकारावर थांबू नका, मांडून बघा: २४० सेंमीच्या बाजूला २० सेंमीच्या १२ आणि १८० सेंमीच्या बाजूला ३० सेंमीच्या ६, म्हणजे १२ × ६ = ७२. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की एकक बदलताना चूक झालेली नाही याची खात्री पटते.

भिंतींसाठी चारही बाजूंची बेरीज ८.४ मीटर, उंची १.५ मीटर, म्हणजे १२.६ चौ. मी. = १,२६,००० चौ. सेंमी. ६०० नं भागल्यावर २१० टाइल्स. इथंही मांडणी जुळते. टाइल उभी लावली तर १५० सेंमी उंचीत ५ ओळी आणि एका ओळीत १२ + ९ + १२ + ९ = ४२ टाइल्स, म्हणजे २१०. तळ आणि भिंती मिळून २८२. कोपऱ्यात, पाइपच्या भोकापाशी आणि वाहतुकीत काही फुटतात, म्हणून तीनशेच्या आसपास घ्या.

खोक्यावर बहुतेकदा आतल्या सगळ्या टाइल्सचं मिळून क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये छापलेलं असतं. तुमच्या गरजेशी ते ताडून बघायचं तर उलटं जावं लागतं आणि तिथं भागाकार १०,००० नं होतो. ६०० चौ. सेंमी. म्हणजे ०.०६ चौ. मी. कोणी १०० नं भागलं तर एक टाइल ६ चौ. मी.ची होईल, म्हणजे तुमच्या अख्ख्या तळापेक्षा मोठी. उत्तर हातातल्या वस्तूशेजारी ठेवून बघितलं की अशी चूक लगेच उघडी पडते. दिशेचाही अंदाज ठेवा. एकक लहान झालं की आकडा वाढतो, एकक मोठं झालं की आकडा घटतो.

पाण्याकडे येऊ. लांबी, रुंदी आणि खोली अशी लांबी इथं तीनदा येते. म्हणून १०० तीनदा लागतो:

२४० सेंमी × १८० सेंमी × १५० सेंमी = ६४,८०,००० घन सेंमी.

म्हणजे १ घनमीटर = १०० × १०० × १०० = १०,००,००० घन सेंमी. ६.४८ ला फक्त १०० नं गुणल्यामुळे तुमचं उत्तर दहा हजार पटीनं लहान आलं. क्षेत्रफळात चूक शंभर पटीची होती, घनफळात ती दहा हजार पटीची झाली, कारण या वेळी एक नाही तर दोन बाजू बदलायच्या राहिल्या.

मग लिटरसाठी १,००० च का, १०,००,००० का नाही? कारण लिटर म्हणजे १० सेंमी बाजूचा घन. त्यात १० × १० × १० = १,००० घन सेंमी मावतात आणि १ घन सेंमी म्हणजेच १ मिलिलिटर. एका मीटरमध्ये १० सेंमीचे १० तुकडे बसतात. म्हणून घनमीटरभर जागेत असे घन एका ओळीत १०, एका थरात १०० आणि दहा थर मिळून १,००० बसतात. हा १,००० म्हणजे १० चा घन आहे, १०० चा नाही. लिटर हा सेंटीमीटरचा नाही, डेसिमीटरचा घन आहे आणि १ डेसिमीटर म्हणजे १० सेंमी. डेसिमीटर आपल्या रोजच्या वापरात नसल्यामुळे हा दुवा नजरेआड होतो. कोणी १०० चा घन करून १ घनमीटर = १०,००,००० लिटर लिहितं, कोणी १०० च लावून मोकळं होतं.

लिटर मोजायची सोपी युक्ती यातूनच निघते. सगळी मापं डेसिमीटरमध्ये घ्या, म्हणजे मीटरचा आकडा १० नं गुणा. २४ × १८ × १५ = ६,४८०. थेट लिटर मिळाले, शून्यं मोजत बसावं लागत नाही. कूलरच्या टाकीसाठीही हेच चालतं: ६० × ६० सेंमीचा तळ आणि १५ सेंमी पाणी म्हणजे ६ × ६ × १.५ = ५४ लिटर.

मिलिलिटरबद्दल थोडं. १ लिटर = १,००० मिलिलिटर, इथं १,००० चा घन होत नाही. पण १ घनमीटर = १०० कोटी घन मिलिमीटर, इथं मात्र होतो. "मिलि" दोन्हीकडे तोच, मग फरक का? घन मिलिमीटर म्हणजे आधी मिलिमीटर घेतला आणि मग त्याचा घन केला, त्यामुळे "मिलि"सुद्धा तीनदा गुणला गेला. लिटर हे मुळातच घनफळाचं एकक आहे. त्याच्यावर घात नाही, म्हणून "मिलि" एकदाच लागतो. वर्तमानपत्रात पेंच प्रकल्पाचा साठा "दलघमी"मध्ये येतो, तिथंही हे उपयोगी पडतं. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. आधी घनमीटर झाला आणि मग तो दहा लाख वेळा मोजला, म्हणून दशलक्षाचा घन करायचा नाही. १ दलघमी = १०,००,००० × १,००० = १०० कोटी लिटर.

आता मिस्त्रींचे ६,८०० लिटर. बांधकामावर मापं फुटात बोलली जातात, आणि २.४, १.८ व १.५ मीटर ही मापं तोंडी "आठ, सहा, पाच" अशीच सांगितली जातात. हिशेब त्यांनी फुटातच केला: ८ × ६ × ५ = २४० घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर, म्हणून सुमारे ६,७९६ लिटर. गणित बिनचूक आहे, पण टाकं तेवढं नाही. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंमी. खरोखरच्या ८ फुटांचे २४३.८ सेंमी होतात. तुमचा टेप २४० दाखवतो, म्हणजे ती बाजू आठ फुटांना जेमतेम दीड इंच कमी आहे. बोलताना तेवढ्यानं काही बिघडत नाही.

पण हा फरक तीनही बाजूंना आहे. ३०.४८ ऐवजी ३० म्हणजे दर बाजूला १.६ टक्के. तीन बाजू एकमेकींनी गुणल्या की १.०१६ × १.०१६ × १.०१६ = १.०४८८. म्हणजे जवळपास ५ टक्के, आणि लिटरमध्ये ३१६. गुणक जसा वर्गानं आणि घनानं वाढतो, तशीच मापातली लहान तफावतही वाढते: सर्व बाजूंना एकाच दिशेनं एक टक्का चुकलं तर क्षेत्रफळ सुमारे दोन टक्क्यांनी आणि घनफळ सुमारे तीन टक्क्यांनी चुकतं. टाइल्सच्या मजुरीतही हेच दिसेल. फुटांच्या मापानं तळ ४८ आणि भिंती १४०, मिळून १८८ चौ. फूट होतात. तुमच्या टेपप्रमाणे १६.९२ चौ. मी. म्हणजे १८२ चौ. फूट. मजुरी चौरस फुटावर ठरली असेल, तर कोणत्या मापानं बिल होणार ते आधीच बोलून घ्या. यात मिस्त्रींची लबाडी नाही, गोल केलेलं माप वर्गात गेलं आहे, इतकंच.

फूट आणि मीटर यांच्यातही गुणकाचा वर्ग आणि घन लागतोच. १ मीटर = ३.२८ फूट, पण १ चौ. मी. = १०.७६ चौ. फूट आणि १ घनमीटर = ३५.३ घनफूट. ब्रासचा व्यवहार करताना याची खास काळजी घ्या. रेती-गिट्टीचा ब्रास १०० घनफुटांचा असतो, म्हणजे २.८३ घनमीटर. फरशी किंवा प्लास्टरच्या कामात १०० चौरस फुटांनाही ब्रासच म्हणतात, आणि तो ९.२९ चौ. मी. होतो. एकाचा गुणक दुसऱ्याला लावला तर अंदाजपत्रक तिपटीनं बिघडतं.

टाइल्स लावल्यावर टाकं आतून लहान होतं, आणि किती लहान होतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. टाइल ८ मिमी आणि तिच्यामागचा मसाला १२ मिमी धरला तर एकूण थर २ सेंमीचा. तो समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर बसतो, म्हणून लांबीतून ४ सेंमी जातात आणि रुंदीतूनही ४. तळाला एकच थर, म्हणून खोलीतून २ सेंमी. अनेकजण तिन्ही मापांतून सरसकट २ वजा करतात आणि तिथं फसतात. नवी मापं अशी:

२.३६ मी. × १.७६ मी. × १.४८ मी. = ६.१४७ घनमीटर = ६,१४७ लिटर.

२ सेंमीच्या थरानं ३३३ लिटर जागा खाल्ली. आकडा मोठा वाटतो, पण टक्केवारीत मांडला की पटतो: लांबीत १.७, रुंदीत २.२ आणि खोलीत १.३ टक्के गेले, तिघांची बेरीज ५.२. प्रत्यक्ष घट ५.१ टक्के आहे. तीन बाजूंच्या लहान टक्क्यांची बेरीज म्हणजे घनफळाचा टक्का, हा ठोकताळा दोन-तीन टक्क्यांच्या फरकांपर्यंत चांगला चालतो. फरक वाढला की तो ढळतो, मग पूर्ण गुणाकार करावा.

हे ६,१४७ लिटरही पूर्ण तुमच्या हाती येत नाहीत. पाणी स्लॅबला टेकेपर्यंत भरत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपपाशी थांबतं. तो पाइप वरून १५ सेंमी खाली असेल तर पाण्याची खोली १.३३ मीटर आणि साठा ५,५२४ लिटर. पंपाच्या पाइपच्या तळाकडच्या टोकाला असलेला फूटव्हॉल्व्ह हवा ओढू नये म्हणून तळाशी १० सेंमी पाणी राहू द्यावं लागतं. ते वजा केलं की पंपानं वर चढवता येईल असं पाणी ५,१०९ लिटर. घराची रोजची गरज धरून टाकं बांधत असाल तर हिशेबात ५,१०० धरा, ६,८०० धरू नका.

प्रत्येक वेळी तीन मापं गुणायची गरज नाही. तळाचं क्षेत्रफळ एकदा काढून ठेवलं की पुढं फक्त खोली बदलते. त्यासाठी एक सोपा नियम: तळ चौरस मीटरमध्ये आणि पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींचा गुणाकार थेट लिटर देतो. १ चौ. मी. जागेवर १ मिमी पाणी म्हणजे १ घनमीटरचा हजारावा भाग, म्हणजेच १ लिटर. तुमचा तळ आता २.३६ × १.७६ = ४.१५ चौ. मी. आहे. म्हणून पाणी १ मिमी चढलं की ४.१५ लिटर, १ सेंमी चढलं की साडेएक्केचाळीस लिटर आणि १० सेंमीला ४१५ लिटर. पावसाचंही असंच: १०० चौ. मी. गच्चीवर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी, गळती आणि उडालेलं पाणी सोडून.

यातून उपयोगाची एक गोष्ट करता येते. पीव्हीसी पाइपच्या सरळ तुकड्यावर तळापासून दर १० सेंमीला खूण करा आणि शेजारी ४१५, ८३०, १,२४५ असे आकडे लिहा. उन्हाळ्यात ५,००० लिटरचा टँकर मागवला, तर ओतण्याआधी आणि नंतर पाइप बुडवून बघा. ५,००० ÷ ४१.५ म्हणजे पाणी सुमारे १२० सेंमी चढायला हवं. १०५ सेंमीच चढलं तर आलेलं पाणी ४,३६० लिटरच्या आसपास आहे. मात्र टँकर येईल तेव्हा टाक्यात १३ सेंमीपेक्षा जास्त पाणी नसावं, नाहीतर शेवटचं पाणी ओव्हरफ्लोमधून जाईल आणि हिशेब चुकेल.

टाक्याच्या भिंती सरळ असल्या तरच ही खुणांची काठी खरी ठरते. गच्चीवरच्या काळ्या गोल टाकीला वरचा भाग निमुळता असतो, तिथं सरळ भागापुरतीच खूण करा. त्या टाकीचं घनफळ काढताना व्यासाच्या जागी त्रिज्या घ्यायची हे विसरू नका. आतला व्यास १.१ मीटर असेल तर त्रिज्या ०.५५ मीटर. पाणी १.०५ मीटर उभं असेल तर ३.१४१६ × ०.५५ × ०.५५ × १.०५ = ०.९९८ घनमीटर, म्हणजे हजार लिटरची टाकी. चुकून व्यासच घेतला तर उत्तर दुप्पट नाही, चौपट येतं, कारण त्रिज्या सूत्रात दोनदा आहे.

शेवटी सगळा हिशेब पाण्याच्या मीटरवर ताडून बघता येतो. नळाच्या बिलातलं १ युनिट म्हणजे १ घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. मीटरच्या तबकडीवर काळे आकडे पूर्ण घनमीटरचे असतात आणि लाल आकडे त्याच्या अंशाचे. पहिला लाल आकडा १०० लिटरचा. टाकं धुऊन कोरडं झालं की वाचन लिहून ठेवा, घरातले बाकीचे नळ आणि पंप बंद ठेवा, आणि टाकं ओव्हरफ्लोच्या पाइपच्या खालच्या कडेपर्यंत भरू द्या. दोन वाचनांतला फरक ५.५ च्या आसपास आला तर मापं, थराची जाडी आणि रूपांतर, तिन्ही जुळली. ५.२ आला तर मसाला ठरवल्यापेक्षा जाड बसला आहे किंवा फ्लोटचा बॉल पाणी आधीच बंद करतो आहे. काठी बुडवून खोली बघा, म्हणजे दोहोंपैकी काय ते कळेल. खोली १.३३ मीटर असूनही वाचन कमी आलं, तर थर जाड. खोलीच कमी निघाली, तर बॉलचा दांडा थोडा वर घ्यायचा. फरक ५.५ पेक्षा बराच जास्त आला आणि खोली मात्र १.३३ च असेल, तर भरता भरताच पाणी कुठून तरी जात आहे. नवं सिमेंट पहिले काही दिवस स्वतः पाणी पितं, म्हणून गळतीची परीक्षा लगेच करू नका. टाकं आठवडाभर भरलेलं ठेवा, मग आवक आणि पंप बंद करून २४ तासांच्या अंतरानं पातळी दोनदा मोजा. पातळी १ सेंमी उतरली असेल, तर दिवसाला ४१ लिटर पाणी झिरपत आहे, आणि मग टाइल्सच्या सांध्यांपेक्षा आधी पाइप भिंतीतून जातो ती जागा तपासा.